०.५, ०.७ की ०.८? आमच्या स्लाइडला शेवटी कोणता डॅम्पिंग रेशो ठेवला

उद्यमनगरातल्या आमच्या शेडमध्ये कास्टिंगवर नंबर ठोकणारं एक छोटं मशीन केलं, तेव्हाची ही गोष्ट. टायमिंग बेल्टवर धावणारी स्लाइड, एन्कोडरवाली डीसी मोटर आणि साधा प्रपोर्शनल कंट्रोल, एवढाच मामला. हेड ५० मिमी सरकायचं, ठरलेल्या जागेच्या १ मिमी आत येऊन थांबायचं, आणि मग पिननं ठोकायला सुरुवात. ५० चे २ टक्के म्हणजे १ मिमी, त्यामुळे सेटलिंग टाइमची पुस्तकातली २ टक्क्यांची पट्टी इथे आयतीच हाती आली.

ज्यांना असाच लूप लावायचा आहे आणि झीटा किती ठेवावा यावर घोडं अडलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. सेकंड ऑर्डर सिस्टीमचं समीकरण तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

आधी एक गोष्ट सांगतो, कारण ती कळेपर्यंत माझे दोन दिवस गेले. मोटर आणि स्लाइड मिळून टाइम कॉन्स्टंट ०.०५ सेकंद भरला. अशा लूपमध्ये गेन K धरला तर

```
wn = sqrt(K/τ)
ζ = 1/(2·sqrt(K·τ))
ζ·wn = 1/(2τ)
```

तिसरी ओळ बघा. तिच्यात K नाहीच. गेन वाढवला की wn वाढतो, झीटा उतरतो, पण दोघांचा गुणाकार जिथल्या तिथे राहतो. आमच्या स्लाइडला तो १० आहे. ४/(ζ·wn) या नेहमीच्या सूत्रानं सेटलिंग टाइम काढला, तर गेन काहीही ठेवा, उत्तर ०.४ सेकंदच येतं. नॉब पिळून स्लाइड चपळ दिसते, थांबायला मात्र तेवढाच वेळ घेते.

मला हे तेव्हा उमगलं नव्हतं. मी गेन २० वर नेला, म्हणजे झीटा ०.५. राइज टाइम (१० ते ९० टक्के) ०.०८ सेकंद. स्लाइड अशी सुटायची की बघणारा खूश. आमचे मिस्त्री मात्र खूश नव्हते. ते म्हणाले, "साहेब, दिवा लागतोय, लगेच विझतोय, परत लागतोय. कवा ठोकायचं त्येला?"

तो दिवा म्हणजे 'जागेवर आलं' हा सिग्नल. ०.५ ला ओव्हरशूट १६ टक्के, म्हणजे हेड ठरलेल्या जागेच्या ८ मिमी पुढे जातं. जाताना १ मिमीची पट्टी ओलांडतं, त्या क्षणी दिवा लागतो. परत येताना पुन्हा लागतो. मग हेड जागेच्या अलीकडे साधारण १.३ मिमी घसरतं, म्हणजे पट्टीच्या बाहेर अगदी जेमतेम, आणि शेवटी ०.४० सेकंदाला स्थिर होतं. आमच्या प्रोग्रॅममध्ये पहिल्या दिव्यालाच पिन सुटायची. त्यामुळे एका कास्टिंगवर ३ चा आकडा असा ओढला गेला की ८ वाटावा. चूक माझीच, प्रोग्रॅम मीच लिहिला होता. दिवा थोडा वेळ टिकला तरच ठोकायचं, अशी अट घालता आली असती आणि नंतर घातलीही. पण मला खरा राग आला तो या गोष्टीचा, की राइज टाइमवर भाळून मी जे वाचवलं असं वाटत होतं, ते मशीन थरथरत उभं राहून परत घेत होतं.

मग पुस्तकातला लाडका ०.७०७ लावला. गेन १०. ओव्हरशूट ४.३ टक्के, म्हणजे २ मिमीच्या थोडा पुढे. दिसायला छान, आलेख सभ्य. पण २ मिमी म्हणजे पट्टीच्या बाहेरच. पट्टीत परत यायला लागले ०.४२ सेकंद, ०.५ पेक्षाही किंचित जास्त! ५ टक्क्यांची पट्टी असती तर ०.७०७ ला तोड नव्हती, कारण तिचं ओव्हरशूट त्या पट्टीत मावतं. २ टक्क्यांत ते मावत नाही, आणि सगळा घोटाळा तिथेच आहे.

दुसरं टोक म्हणजे झीटा १, गेन ५. ओव्हरशूट शून्य, दिवा एकदाच लागतो आणि लागलेला राहतो. पण ०.५८ सेकंद. शेवटचे दोन मिमी स्लाइड अशी रेंगाळत येते की रंकाळ्यावर फिरायला आलीय की काय असं वाटावं. अर्थात, ज्यांचा जॉब पुढे गेल्यावर काही आपटून मोडणार असेल, त्यांनी याच्याकडे बघावं. त्यांच्यापुढे माझं काही म्हणणं नाही.

आता माझा कल. गेन ७.८ ला झीटा ०.८ येतो. राइज टाइम ०.२ सेकंद, म्हणजे ०.५ च्या जवळजवळ अडीचपट. पण ओव्हरशूट दीड टक्का, म्हणजे पाऊण मिमी. हेड पट्टीत एकदा शिरलं की बाहेर पडतच नाही. सेटलिंग टाइम ०.३० सेकंद. चारही पर्यायांत चढायला यापेक्षा हळू फक्त एकच आहे, आणि जागेवर बसायला मात्र हा सगळ्यांत आधी. त्या सोप्या सूत्राला हे दिसत नाही, कारण ते फक्त लाटेचं कवच मोजतं. लाट पट्टीच्या आत वळली की बाहेर, हे ते बघतच नाही.

एक अडचण मात्र सांगायला हवी. ही दरी अरुंद आहे. २ टक्क्यांची पट्टी नेमकी झीटा ०.७८ ला भरते. गेन ८.९ केला, तर झीटा ०.७५ होतो, ओव्हरशूट १.४ मिमीवर जातं, आणि सेटलिंग टाइम ०.३० वरून एका उडीत ०.४३ होतो. बेल्ट सैल झाला, ग्रीस बदललं, तर एवढा फरक सहज पडतो. म्हणून मी कडेला उभा राहिलो नाही. ७.२ वर थांबलो, झीटा साधारण ०.८३. ओव्हरशूट अर्ध्या मिमीहून कमी, सेटलिंग ०.३४ सेकंदाच्या आसपास. थोडं गेलं, पण रात्री झोप लागते.

तुमची पट्टी १ टक्क्याची असेल तर दीड टक्का ओव्हरशूट तिच्या बाहेर पडेल, त्यामुळे ०.८ तिथे उपयोगाचा नाही. ०.८३ च्या जवळून सुरुवात करा. आणि हे सारे आकडे ड्राइव्ह मर्यादेला भिडत नाही तोवरचे आहेत. गेन २० ला सुरुवातीलाच सेकंदाला १००० मिमी वेगाची मागणी होते. ती मोटरला झेपली नाही, तर आलेख वेगळाच निघतो आणि त्यावरून झीटा काढण्यात अर्थ नसतो. झीटा तपासायला स्कोप लागतो असंही नाही. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये स्लाइडशेजारी स्केल धरून हेड किती पुढे गेलं ते बघा: ८ मिमी दिसलं तर झीटा ०.५ च्या आसपास, २ मिमी दिसलं तर ०.७.

आमच्याकडे हेड सरकतं, कास्टिंग टेबलावर जागेवर असतं, म्हणून वजन बदलत नाही. तुमच्याकडे जॉबच स्लाइडवर बसणार असेल, तर माझा आकडा जसाच्या तसा उचलू नका. सरकणारं वजन दुप्पट झालं आणि घर्षण तेच राहिलं, तर टाइम कॉन्स्टंट दुप्पट होतो आणि ०.८ चा झीटा ०.५७ वर येतो. ओव्हरशूट थेट साडेअकरा टक्के. तिथे मी रिकाम्या स्लाइडला १ ठेवेन. जड जॉब चढल्यावर तो आपोआप ०.७०७ होतो, आणि दिवा पाहून पिन सोडायच्या आधी थोडं थांबायचं, एवढंच उरतं.