सुटलेलं पोट, घटलेलं टेस्टोस्टेरॉन: आधी इंजेक्शन की आधी वजन?

निपाणीतला एक कापड दुकानदार गृहीत धरू. वय ४८, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ९२ किलो. वर्षभरापासून थकवा आहे, शरीरसंबंधाची इच्छा कमी झाली आहे. दुपारी जेवून दुकानात परतताना त्याने लॅबमध्ये 'फुल बॉडी'चं पॅकेज करून घेतलं आणि टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन आलं २६८. जिममधला ओळखीचा म्हणतो, "इंजेक्शन सुरू कर, पोट आपोआप उतरेल." घरून ऐकायला मिळतं, "आधी रात्री अकराचं जेवण बंद करा."

खरं तर या रिपोर्टवर दोन्हीपैकी कुठलाच निर्णय घेता येत नाही. टेस्टोस्टेरॉन पहाटे-सकाळी सगळ्यात जास्त असतं आणि चाळिशीच्या आसपासच्या पुरुषात दुपारी चारपर्यंत सुमारे पाव भागाने उतरलेलं असू शकतं. पोटभर जेवणानंतरही ते तात्पुरतं खाली येतं. म्हणून तपासणी सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी आणि वेगवेगळ्या दिवशी दोनदा करतात. ताप, आजारपण किंवा जागरण झालेलं असेल तर त्या आठवड्यात करू नये. आपल्या दुकानदाराने सकाळी आठला पुन्हा रक्त दिलं, तेव्हा आकडा आला ३१२. बहुतेक मार्गदर्शक सूचनांमध्ये 'कमी' म्हणण्याची रेघ २६४ ते ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर यांच्या मध्ये कुठेतरी असते. म्हणजे दुपारची वेळ आणि पोटातलं जेवण यांनीच त्याला ३०० च्या रेघेखाली नेलेलं असू शकतं.

तरी ३१२ म्हणजे काही भरघोस नव्हे. मग कमी का? रक्तातलं बरंचसं टेस्टोस्टेरॉन एसएचबीजी नावाच्या प्रथिनाला चिकटून फिरतं. पोट सुटलं, इन्सुलिन वाढलं की यकृत हे प्रथिन कमी बनवतं. त्यामुळे एकूण आकडा खाली दिसतो, पण मोकळं, म्हणजे कामाला येणारं टेस्टोस्टेरॉन पुष्कळदा ठीक असतं. लठ्ठपणा जास्त असेल तर मेंदूकडून वृषणांना जाणारा हुकूम, म्हणजे एलएच, हाही मंदावतो आणि मग मोकळा हिस्साही घटतो. एकूण आकडा काठावर असेल तर एसएचबीजी तपासून मोकळ्या टेस्टोस्टेरॉनचा हिशेब करून घ्यावा. आपल्या माणसाचा तो हिशेब नॉर्मल निघाला. म्हणजे त्याच्या बाबतीत पोटामुळे आकडा पडला होता, आकड्यामुळे पोट सुटलं नव्हतं. (पोट मोजताना पँटचा नंबर धरू नका, पट्टा पोटाखाली सरकलेला असतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सोडून टेप धरा. भारतीय पुरुषाला ९० सेंटिमीटर ही मर्यादा. याचं पोट १०४ भरलं.)

आता इंजेक्शनवाल्यांची बाजू, कारण ती पोकळ नाही. ऑस्ट्रेलियात टी-फोर-डीएम नावाची चाचणी झाली, २०२१ मध्ये तिचे निष्कर्ष आले. पोट सुटलेले, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले किंवा नुकताच मधुमेह निघालेले, टेस्टोस्टेरॉन ४०० च्या आतलं, असे ५० ते ७४ वयाचे १००७ पुरुष तिच्यात होते. निम्म्यांना दोन वर्षं १००० मिलिग्रॅमचं टेस्टोस्टेरॉन अनडेकॅनोएट, निम्म्यांना नुसतं दिखाऊ इंजेक्शन. दोन वर्षांनी मधुमेह दिखाऊ गटात २१ टक्क्यांना होता, औषधाच्या गटात १२ टक्क्यांना. चरबी जास्त उतरली, स्नायू टिकले. पण दोन्ही गटांना वजन उतरवण्याचा कार्यक्रम दिला होता, हे जाहिरातीत कोणी सांगत नाही. दिखाऊ इंजेक्शनवाल्यांचंही पोट पाचेक सेंटिमीटर उतरलं. औषधाने त्यात आणखी दोनेक सेंटिमीटरची भर घातली.

याच्या शेजारी अमेरिकेतली ट्रॅव्हर्स चाचणी ठेवून बघा. तिथे टेस्टोस्टेरॉन ३०० च्या खाली, लक्षणं आहेत आणि हृदयविकार आहे किंवा त्याचा धोका जास्त आहे, असे पाच हजारांवर पुरुष होते. त्यांना जेल लावायला दिलं, वजनाचा कार्यक्रम नव्हता. हार्ट अटॅक-स्ट्रोक वाढले नाहीत, ही मोठी दिलाशाची गोष्ट. पण मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांचा मधुमेह औषधाने रोखला गेला नाही. हृदयाचे अनियमित ठोके, फुप्फुसात गुठळी आणि हाडं मोडण्याचं प्रमाण औषधाच्या गटात थोडं जास्त निघालं. दोन्ही चाचण्यांतली माणसं आणि औषधाचा प्रकार वेगळा होता, हे खरं. तरी माझं मत असं बनलं आहे, की खाणं-चालणं जागच्या जागी ठेवून नुसत्या औषधावर पोट आणि साखर सोडणाऱ्याला फारसं काही हाती लागत नाही.

इंजेक्शनची किंमत पैशांपलीकडेही असते. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदू हुकूम देणं थांबवतो आणि वृषणं सुस्तावतात. शुक्रजंतू इतके घटतात की मूल हवं असलेल्याने याच्या वाटेला जाऊ नये. दुसऱ्या लग्नाचे किंवा उशिरा मूल होऊ घातलेले चाळिशीतले पुरुष हे विसरतात. ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत औषध थांबवल्यावर स्वतःचं उत्पादन पूर्ववत व्हायला निम्म्या लोकांना साधारण वर्ष लागलं. त्या वर्षात थकवा पहिल्यापेक्षा जास्त जाणवू शकतो, आणि म्हणूनच 'बंदच करता येत नाही' अशी तक्रार ऐकू येते. दुसरं म्हणजे रक्त दाट होतं: त्याच चाचणीत हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा हिस्सा, ५४ टक्क्यांवर गेलेले औषधाच्या गटात २२ टक्के, दिखाऊ गटात १ टक्का. म्हणून पहिल्या तीन ते सहा महिन्यांत हिमोग्लोबिन-हिमॅटोक्रिट आणि प्रोस्टेटसाठीचं पीएसए बघावंच लागतं. जिममधून २५० मिलिग्रॅमची अँप्यूल टोचून घेणाऱ्याचं हे कोण बघणार? जोरात घोरणाऱ्याने तर आधी झोपेतला श्वास तपासून घ्यावा. तो आजार उपचाराविना असेल तर टेस्टोस्टेरॉन देत नाहीत.

वजनाच्या वाटेचंही खोटं कौतुक नको. आहाराने वजन उतरवलेल्यांत टेस्टोस्टेरॉन सरासरी ८० च्या आसपासच वाढतं. २५० ची उडी वजन उतरवण्यासाठीच्या बॅरियाट्रिक शस्त्रक्रियेनंतर दिसते. वजन परत चढलं की आकडाही परत उतरतो. पण आपल्या दुकानदाराला ३१२ वरून ३९० वर जायला तेवढं पुरतं, आणि साखर, रक्तदाब, घोरणं यांत होणारा फरक वेगळाच. त्याला नऊ किलो, म्हणजे वजनाचा दहावा भाग उतरवायचा आहे. संध्याकाळी दुकानात येणारी मिरची-भजी आणि चिरमुऱ्यांचा चिवडा, रात्री भाताची दुसरी वाढ आणि पाहुण्यांसोबतचा कुंदा एवढं काढलं तरी रोजच्या पाचशेक कॅलरी कमी होतात. जोंधळ्याची भाकरी राहू दे. आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचलायची, कारण नुसतं चालून चरबीबरोबर स्नायूही जातो.

इंजेक्शन ज्याचं आहे तो माणूस वेगळा असतो. सकाळचे दोन्ही आकडे स्पष्ट खाली, मोकळं टेस्टोस्टेरॉनही खाली, आणि सकाळची ताठरता गेली आहे, इच्छा नाही, अशी लैंगिक लक्षणं सोबत. त्याचा एलएच उंच असेल तर दोष वृषणात आहे. एलएच कमी आणि आकडा दीडशेच्या आसपास असेल तर प्रोलॅक्टिन हे हार्मोन बघून मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचा एमआरआय लागू शकतो. अशा माणसाला 'आधी पोट कमी करून ये' म्हणणं अन्याय आहे. त्याने बेळगाव, कोल्हापूर किंवा मिरज, जिथे सोयीचं पडेल तिथल्या एंडोक्रायनोलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरकडे, थेट जावं, आणि जाताना रक्त किती वाजता दिलं होतं ते रिपोर्टवर लिहून न्यावं.