शब्दसूची अकारविल्हे की सूत्रानुसार?

जळगाव-धुळ्याकडे दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून अकरावी सायन्सला इंग्रजीत जाणाऱ्यांसाठी भौतिकशास्त्राची शब्दसूची मी सूत्रानुसारच करायला सांगेन. p = mv लिहा आणि खाली संवेग म्हणजे मोमेंटम, वस्तुमान म्हणजे मास, वेग म्हणजे व्हेलॉसिटी. मग लगेच गणित: 5 kg वस्तुमान, 4 m/s वेग, म्हणून संवेग 20 kg·m/s. एकक जुळलं की शब्दही बरोबर जागी बसला हे कळतं. शेजारीच P = W/t घ्या; मोठा P म्हणजे शक्ती, इंग्रजीत पॉवर. अकारविल्हे यादीत शब्दांसोबत सूत्रं नसतात, त्यामुळे p आणि P मधला गोंधळ दिसतच नाही. शक्ती आणि फोर्स अशी चुकीची जोडीही इथेच सुटते: फोर्स म्हणजे बल, एकक न्यूटन, शक्तीचं वॅट.

रसायनशास्त्रात मात्र आम्ल, आम्लारी, उत्प्रेरक यांना असं सूत्र नसतं. तिथे अकारविल्हे यादी चटकन सापडते. फक्त हिंदी गाइड वापरत असाल तर जपा: मराठीत क्षार म्हणजे सॉल्ट, हिंदीत तोच शब्द बेससाठी येतो. म्हणून क्षारापुढे NaCl, आम्लारीपुढे NaOH लिहून ठेवा.