मोठं कपाळ, ब्रॉन्झर आणि केसांची पावडर: सात महिन्यांनंतर

भुवईपासून केसांपर्यंत माझं कपाळ साडेसात सेंटीमीटर भरतं. भुवई ते नाकाचं टोक आणि नाक ते हनुवटी, दोन्ही जेमतेम सहा. समोर बसून बोलणाऱ्याला हे जाणवत नाही, फोटोत मात्र आधी कपाळ येतं आणि मागून मी.

कपाळ लहान दिसावं म्हणून सुरुवात नुसत्या ब्रॉन्झरने, म्हणजे त्वचेवर गडद छटा देणाऱ्या पावडरीने केली आणि तीही चुकीच्या. डबीत सुंदर दिसणारा, चमक असलेला, तांबूस. मावसबहिणीच्या हळदीला लावला. फ्लॅश पडला की चमक उजेड परत फेकते, म्हणजे जो भाग मागे न्यायचा तोच पुढे आला. शिवाय ब्रॉन्झर आणि केस यांच्यामध्ये बोटाच्या पेराएवढी गोरी पट्टी राहिली होती. आईने विचारलं, "कपाळाला हळद नीट पुसली नाहीस का गं?"

आता मॅट ब्रॉन्झर वापरते, त्वचेपेक्षा दोनच छटा गडद आणि नारिंगीपेक्षा मातकट तपकिरीकडे झुकणारा. सावली कधी केशरी नसते, एवढं ध्यानात ठेवलं की दुकानात रंग निवडायला सोपं जातं. मोठा मऊ ब्रश झटकून घ्यायचा, सुरुवात केसांतच करायची आणि कपाळावर जेमतेम दीड सेंटीमीटर खाली यायचं. कानशिलांकडे थोडा जास्त, मध्यभागी कमी. भुवईच्या वरचा भाग मोकळाच सोडते, नाहीतर सगळं कपाळ मळकट दिसतं.

पण खरा फरक पडला तो केसांच्या मुळाशी लावायच्या पावडरीने. कपाळावरच्या माझ्या केसांच्या रेषेचे कोपरे आत गेलेत, तिथे केस विरळ आहेत. छोट्या पफने पावडर दाबून लावायची, घासायची नाही. रंग टोकांशी नव्हे, मुळांशी जुळवायचा. मी काळा घेऊन फसले, गडद तपकिरी बरोबर बसला. विरळ केसांच्या आतच थांबायचं. जिथे केसच नाहीत तिथे लावलं तर शाईने आखल्यासारखी कड दिसते. खात्रीसाठी खिडकीपाशी एक आणि फ्लॅशने एक असे दोन फोटो काढून केसांची कड मोठी करून बघते. कड सलग दिसली तर कोरड्या ब्रशने मोडते.

तेल लावलेल्या केसांवर पावडरीच्या गुठळ्या होतात, त्यामुळे त्या दिवशी डोकं धुतलेलंच हवं. मे महिन्यात मांडवात दोन तासांनी घाम पुसला तर रुमालावर तपकिरी डाग आले. पुसू नये, टिपावा.

एक गोष्ट मात्र कुठल्याच डबीने सुटत नाही. हात लांब करून वरून सेल्फी घेतला की कपाळ कॅमेऱ्याच्या सगळ्यात जवळ येतं आणि मोठंच दिसतं. फोन डोळ्यांच्या रेषेत धरून पाच-सहा फुटांवरून दुसऱ्याला काढायला सांगते. साडी असेल तर चंद्रकोर जरा मोठी लावते, मग ब्रॉन्झर निम्म्याने कमी लागतो.

सात महिन्यांत पावडरीची डबी अर्धी झाली, ब्रॉन्झरला अजून खड्डासुद्धा पडलेला नाही. उशीचे पांढरे अभ्रे मात्र बदलले.