शंभर टक्के रॉयल्टी आणि दुसऱ्याच्या नावाचा आयएसबीएन

माझ्या ३१२ पानांच्या ललितेतर पुस्तकाची संहिता पूर्ण झाल्यावर ते स्वतःच प्रकाशित करायचे, छापील आणि ई-बुक अशा दोन्ही रूपांत, असे मी ठरवले होते. मांडणी, आयएसबीएन हा पुस्तकाचा ओळखक्रमांक आणि वितरण यांतले मला काही कळत नसल्यामुळे मी एका ‘स्वप्रकाशन सेवा’ देणाऱ्या कंपनीकडे गेले. एकरकमी शुल्क भरायचे, मग सगळे काम त्यांचे आणि ‘नक्त रॉयल्टीच्या शंभर टक्के’ माझे, असा करार होता. करारातल्या ‘नक्त’ या एका शब्दाची व्याख्या मी विचारली नाही, आणि पुढचे बहुतेक नुकसान त्यातूनच झाले.

पहिली खूण आयएसबीएनमध्ये होती, पण ती मला वाचता आली नाही. या क्रमांकाचे १३ अंक पाच गटांत विभागलेले असतात. आधी ९७८ किंवा ९७९, मग देश किंवा भाषासमूह, मग प्रकाशक, मग त्या प्रकाशकाचे ते विशिष्ट पुस्तक आणि शेवटी पडताळणीचा एक अंक. म्हणजे तिसरा गट कोणाचा आहे, यावरून प्रकाशक म्हणून कोणाची नोंद आहे ते ठरते. त्याच कंपनीची आणखी तीन पुस्तके मी पुढे समोर ठेवली, तेव्हा चारही पुस्तकांच्या मलपृष्ठांवर पहिले तीन गट तंतोतंत सारखे निघाले. म्हणजे सगळा खर्च करूनही माझ्या पुस्तकाची प्रकाशक मी नव्हतेच. कोणत्या देशात हे क्रमांक विनामूल्य मिळतात, कोणत्या देशात विकत घ्यावे लागतात, पण लेखकाला ते स्वतःच्या नावाने घेता येतात. कंपनीने ‘मोफत आयएसबीएन’ म्हणून दिलेली भेट प्रत्यक्षात तिच्याच नावाची नोंद होती.

दुसरा प्रकार एका ग्रंथपालबाईंमुळे उघड झाला. त्या ई-बुकची नोंद करत होत्या आणि संगणक क्रमांक स्वीकारत नव्हता. छापील पुस्तक आणि ई-बुक यांना वेगवेगळे क्रमांक लागतात, हे कंपनीला ठाऊक असणारच. तिने छापील पुस्तकाचे पहिले १२ अंक तसेच ठेवून फक्त तेरावा बदलला होता. तेरावा अंक आधीच्या १२ अंकांवरून काढलेला असतो. त्यांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणून बेरीज करायची आणि त्या बेरजेत तेरावा अंक मिळवल्यावर येणाऱ्या संख्येला १० ने निःशेष भाग गेला पाहिजे. त्यामुळे आधीचे १२ अंक तेच असतील तर तेराव्या जागी एकच अंक बरोबर ठरतो आणि दुसरा कोणताही अंक चूकच असतो. कागदावर हा हिशेब करायला मला पाच मिनिटे लागली. केवळ अ‍ॅमेझॉनच्या किंडलवर विकायचे असते तर ई-बुकला आयएसबीएनची सक्तीही नव्हती, कारण तेथे त्यांचा स्वतःचा ओळखक्रमांक मिळतो. पण करारात मला दोन क्रमांक कबूल केले होते.

ई-बुक उघडून अक्षर मोठे करून पाहिले असते तरी हे काम कसे झाले आहे ते मला आधीच कळले असते. अक्षर मोठे होतच नव्हते, कारण छापील पानांची चित्रे एकामागोमाग एक चिकटवून ते तयार केले होते. तळटिपेच्या आकड्यावर बोट ठेवले तरी काही होत नसे आणि सूचीतले पृष्ठक्रमांक मृतवत होते. छापील प्रतीतही बांधणीकडचा समास इतका अरुंद होता की ओळींची टोके वाचण्यासाठी पुस्तक दोन्ही हातांनी दाबून उघडावे लागे. अ‍ॅमेझॉनच्या केडीपी या स्वप्रकाशन सेवेवर ३०१ ते ५०० पानांच्या पुस्तकासाठी हा समास किमान ०.६२५ इंच लागतो. पुढे मला मिळालेल्या पीडीएफमध्ये तो जेमतेम त्या किमान मापाएवढाच निघाला. फाइल स्वीकारली जाण्यापुरते काम त्यांनी केले होते आणि वाचकाचा विचार केला नव्हता.

आता रॉयल्टीचा हिशेब. छापील किंमत १०० धरते, म्हणजे चलनाचा प्रश्न राहत नाही. घाऊक वितरकामार्फत पुस्तक दुकानात जायचे असेल तर ५५ पर्यंत सवलत द्यावी लागते आणि ४५ उरतात. माझ्या पानसंख्येच्या काळ्या-पांढऱ्या पुस्तकाचा मागणीनुसार छपाईचा खर्च २७ होता, म्हणजे हाती १८ यायला हवे होते. अ‍ॅमेझॉनवर थेट विक्री झाली तर माझ्या किमतीच्या पुस्तकाला ६० टक्के लागू होते, म्हणजे ६० वजा २७, अर्थात ३३. (ठरावीक मर्यादेपेक्षा स्वस्त पुस्तकाला आता ५० टक्केच मिळतात.) कंपनीच्या पत्रकात मात्र प्रत्येक प्रतीसाठी मला ५ दाखवले होते. करारातल्या ‘नक्त’चा अर्थ ‘वितरक-सवलत आणि मुद्रण व हाताळणी वजा जाता’ असा होता आणि ‘मुद्रण व हाताळणी’ ४० लावली होती. उरलेल्या पाचांपैकी शंभर टक्के मला मिळत होते, हे मान्य करावे लागेल.

पण त्यापुढची गोष्ट करारातही बसत नव्हती. एका अभ्यासगटाने एका महिन्यात २० प्रती घेतल्या, सगळ्या अ‍ॅमेझॉनवरून. तशा एका प्रतीच्या शेवटच्या पानाच्या तळाशी छपाईचे ठिकाण आणि तारीख होती, आणि ती तारीख मागणी नोंदवल्यानंतरची होती, म्हणजे प्रत मागणीनंतर छापलेली होती, घाऊक वितरकाच्या साठ्यातली नव्हती. त्या महिन्याच्या पत्रकात एकूण विक्री बरोबर २० होती आणि सर्व प्रतींवर ५५ टक्के ‘वितरक-सवलत’ कापलेली होती. जो वितरक मध्ये नव्हताच, त्याची सवलत माझ्या खात्यातून गेली होती. त्यांच्याच फुगवलेल्या ४० च्या दराने हिशेब केला तरी प्रत्येक प्रतीमागे २० यायला हवे होते. मी विक्रीच्या मार्गानुसार विभागलेले पत्रक मागितले, तेव्हा ‘ती माहिती गोपनीय असते’ असे उत्तर आले. ती गोपनीय नसते. केडीपीवर खाते स्वतःचे असेल तर कागदी प्रती आणि ई-बुक यांची विक्री आपल्याला वेगवेगळी दिसते, आणि छपाईखर्चाचा गणक तर खाते नसतानाही वापरता येतो. मी तो करारावर सही केल्यानंतर आठ महिन्यांनी पाहिला.

‘हजारो दुकानांत उपलब्ध’ या वाक्याचाही अर्थ मग कळला. पुस्तक घाऊक सूचीत होते, पण ‘न परतीचे’ म्हणून. न खपलेली प्रत परत करता येत नसेल तर दुकानदार सहसा अनोळखी लेखकाचे पुस्तक फळीवर ठेवत नाही. ग्राहकाने आगाऊ पैसे दिले तरच मागवून देतो.

करार मोडण्याची ९० दिवसांची सूचना दिली तेव्हा संहितेचे हक्क परत मिळाले, कारण ते कलम सुदैवाने होते. मांडणीची मूळ फाइल मात्र मिळाली नाही, कारण करारानुसार ती कंपनीची होती आणि माझ्याकडे फक्त त्यांचे बोधचिन्ह असलेली पुस्तकाची पीडीएफ होती. आयएसबीएनही नेता येईना, कारण दुसऱ्या प्रकाशकाच्या आवृत्तीला तो वापरता येत नाही. मी दोन नवे क्रमांक स्वतःच्या नावाने घेतले, दीड महिना खपून मांडणी पुन्हा केली आणि या वेळी ई-बुक स्वतंत्रपणे, अक्षर लहान-मोठे होईल असे तयार केले. जुन्या आवृत्तीच्या पानावर जमलेले वाचकांचे अभिप्राय नव्या पानावर यावेत म्हणून विनंती केली आहे. अजून ते आलेले नाहीत, आणि शोध घेणाऱ्याला आजही कंपनीच्या क्रमांकाची जुनी आवृत्तीच आधी दिसते.