मातीचा पाठ: कोरडी चाळण की ओली चाळण?

तिसरी-चौथीच्या परिसर अभ्यासात माती चाळून दाखवायची असेल तर कोकणात नमुने शोधत फिरावं लागत नाही. सड्याकडच्या काजूच्या बागेतली जांभी माती, भातकापणीनंतर खाचरातली, खाडीकाठच्या खाजणातली आणि पुळणीची वाळू हे चार प्रकार पुरेसे आहेत. नमुना घेताना पाचोळा बाजूला सारून चार-सहा बोटं खोल जावं. एकाच शेतात चार-पाच ठिकाणची माती घेऊन ती घमेल्यात एकत्र करावी आणि सावलीत कागदावर पसरून वाळवावी. नोव्हेंबरनंतर दोन-तीन दिवसांत वाळते. पावसाळ्यात हा पाठ घेऊच नये, दमट माती चाळणीची भोकं बुजवते.

प्रश्न आहे तो पुढचा. वाळलेली माती तशीच चाळायची, की भिजवून पाण्यात चाळायची?

कोरडी चाळण सोयीची आहे, यात वाद नाही. गव्हाची, रव्याची आणि मैद्याची अशा घरातल्याच तीन चाळण्या एकाखाली एक धरायच्या, 200 ग्रॅम माती ओतायची, दोन मिनिटं हलवायची आणि प्रत्येक चाळणीवर उरलेली माती वजनकाट्यावर ठेवायची. एका तासिकेत दोन नमुने होतात. सगळ्या वजनांची बेरीज पाच-सात ग्रॅमने कमी भरली तर ती धूळ उडाली समजावं. त्याहून जास्त तूट असेल तर माती सांडली आहे.

पण जांभी माती आली की गणित बिघडतं. तिच्यातली लोहाची ऑक्साइडं बारीक कणांना एकमेकांशी चिकटवून ठेवतात. वाळल्यावर त्यांची घट्ट ढेकळं होतात आणि ती चाळणीवर खड्यांसारखीच खडखडतात. समजा, 200 ग्रॅममधले 120 ग्रॅम गव्हाच्या आणि रव्याच्या चाळणीवर मिळून राहिले. पुळणीची वाळू मात्र बारीक असेल तर जवळजवळ सगळी खाली जाते. मग फळ्यावर कोष्टक तयार होतं ते असं: जांभी माती सर्वांत जाड, वाळू सर्वांत बारीक. मुलांचं निरीक्षण चुकलेलं नसतं, उत्तर मात्र चुकतं. लाटण्याने ढेकळं कुटावीत, तर कोणी जोरात कुटतं, कोणी हळू, आणि एकाच मातीचे दोन गटांत दोन आकडे येतात. माझ्यापुरता निर्णय इथेच झाला.

ओल्या चाळणीत तोच 200 ग्रॅम वाळलेला नमुना रात्रभर पाण्यात भिजवायचा. दुसऱ्या दिवशी रव्याची चाळण घमेल्यातल्या पाण्यात अर्धी बुडवून माती तिच्यात ओतायची आणि रोवळीत तांदूळ धुतात तशी बोटांनी हलकेच फिरवायची. बोटांत दाबल्यावर विरतं ते ढेकूळ, विरत नाही तो खडा. चाळणीवर उरेल ते वाळवून तोलायचं. समजा, 45 ग्रॅम भरले, तर आधीच्या 120 पैकी 75 ग्रॅम ढेकळंच होती.

खाली गेलेलं पाणी ढवळून साधारण 10 सेंटीमीटर उंचीच्या भांड्यात घ्यायचं, साठपर्यंत मोजायचं आणि तळ न हलवता गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचं. वाळूचे कण तेवढ्या वेळात खाली बसतात, गाळ आणि चिकणमाती बहुतांशी पाण्याबरोबर जाते. वरचं पाणी नितळ दिसेपर्यंत हे तीन-चार वेळा करावं. वाळूचा नमुना असाच धुतला तर जवळजवळ सगळा तळाशीच राहतो आणि कोष्टक सुलट होतं. कोरडी चाळण इथेच मागे पडते. मैद्याच्या चाळणीतून पडलेली पूड चिकणमाती वाटते, पण तिच्यात बारीक वाळूही असते.

ओल्या पद्धतीला दोन दिवस आणि बरंच पाणी लागतं, हे खरं. रात्रभर भिजूनही जांभ्यातली काही ढेकळं सुटत नाहीत, म्हणून हा निकाल अंदाजाचाच मानावा. खाजणाच्या मातीत आणखी एक फसगत आहे. तिच्यातल्या मिठामुळे चिकणमातीचे कण गोळा होऊन झटपट तळाला बसतात. पाणी लवकर नितळ झालं म्हणून मुलं ‘यात चिकणमाती नाही’ असं लिहितात. ती माती आधी दोनदा गोड्या पाण्यात कालवून, बसू देऊन वरचं पाणी टाकावं.

हाताशी एकच तासिका असेल आणि फक्त खडे वेगळे करून दाखवायचे असतील तर कोरडी चाळण चालेल. पण चार माती शेजारी ठेवून तुलना करायची असेल तर मी तरी पाणीच घेईन. फक्त ते गढूळ पाणी शाळेच्या मोरीत ओतू नये, नळी तुंबते. माडाच्या आळ्यात ओतावं, खाजणाच्या नमुन्याचं तेवढं वगळून.