शेजारी खड्डा, भिंतीला तडा: अंडरपिनिंग की थांबून मोजणी?

लातूरच्या जुन्या गल्लीतल्या वाड्याशेजारी, भिंतीपासून ४ फुटांवर, तळघरासाठी १० फूट खणलंय. वाड्याचा पाया ४ फूट खोल, दगड-मातीचा. कोपऱ्यात ३ मिमीचा तिरपा तडा गेला अन् मावसभाऊ विचारतोय, "दादा, जुन्या पायाखाली काँक्रीट भरून अंडरपिनिंग करू का?"

आधी तडा बघ. वर रुंद, खाली निमुळता आणि खड्ड्याकडे झुकलेला असेल, तर तो कोपरा खचतोय. मात्र काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते. दरवर्षी उघडून मिटणारा तडा खड्ड्याच्या माथी मारू नकोस.

खर्चात मोजणी जवळजवळ फुकट: तड्यावर काचेची पट्टी चिकटव, ती फुटली तर तडा हलतोय; शिवाय दर आठवड्याला तड्याची रुंदी मोजून लिही. पण त्याआधी शेजाऱ्याकडून खड्ड्याची बाजू टेकू देऊन धरून घे. तुझा पाया त्याच्या तळापेक्षा ६ फूट वर, अंतर फक्त ४. खालची माती सुटणारच.

अंडरपिनिंगमध्ये तीन-चार फुटांचे खड्डे आड-आड करून पायाखाली, मुरुमापर्यंत, काँक्रीट भरतात. तेवढं अंतर दगड-मातीची भिंत अधांतरी पेलत नाही, दगड गळतात. शिवाय एकच बाजू मुरुमावर टेकवली, की उरलेला वाडा काळ्या मातीवर हलत राहतो आणि सांध्यावर नवा तडा. (ठेकेदार हे सांगत नाही.)

तळघराची भिंत बांधून बाजूचा खड्डा भरल्यावर रुंदी वाढायची थांबली, तर चुन्याने सांधणं पुरे. बाजू धरूनही ती वाढतच राहिली, किंवा तळघर पायाच्या खाली कायमचं राहून तिथली माती धरणारी भिंतच नसेल, तर अंडरपिनिंग, तेही स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या देखरेखीत.