ट्वीटर गप्प झाला तेव्हा: पॅसिव्ह बुकशेल्फ स्पीकरचा काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

पुण्यातील आमच्या घरी ही बाहेरच्या अ‍ॅम्प्लिफायरवर चालणारी पॅसिव्ह स्पीकरची जोडी गेले काही महिने रोज वाजते आहे. खालच्या सुरांसाठी साडेसहा इंची वूफर, वरच्या सुरांसाठी एक इंची रेशमी डोमचा ट्वीटर आणि आवाज या दोघांत वाटून देणाऱ्या आतल्या क्रॉसओव्हर सर्किटवर ट्वीटरसाठी काचेचा फ्यूज अशी तिची रचना आहे. शास्त्रीय गायनासाठी आवाज समाधानकारक आहे, विशेषतः तबल्याच्या काठावरची तीक्ष्ण चाट स्वच्छ ऐकू येते. गणेशोत्सवात सोसायटीच्या कार्यक्रमाला जोडी दोन संध्याकाळ मोठ्या आवाजात वाजली आणि त्यानंतर उजव्या स्पीकरमधून नेमकी ती चाटच नाहीशी झाली. डग्गा मात्र पूर्वीसारखाच घुमत होता.

अ‍ॅम्प्लिफायरच्या मागच्या डाव्या-उजव्या वायरी आपापसांत बदलून पाहिल्या, तरी दोष त्याच खोक्यात राहिला. म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर निर्दोष होता. यापुढे बहुतेक जण स्पीकरच्या मागील टर्मिनलवर मल्टीमीटर लावतात, परंतु तिथे ट्वीटरविषयी काहीच कळत नाही. ट्वीटरच्या वाटेत कॅपॅसिटर असतो आणि मीटरचा डीसी प्रवाह त्यातून जात नाही, त्यामुळे तिथे दिसतो तो फक्त वूफरचा रोध. दोन जोड टर्मिनल असलेल्या स्पीकरमध्ये तर ट्वीटरच्या टर्मिनलवर मीटर 'तुटलेले' असेच दाखवतो, मग ट्वीटर ठणठणीत का असेना.

खरी माहिती मिळते ती ट्वीटरच्या स्वतःच्या जोडणीच्या दोन पट्ट्यांवर. अ‍ॅम्प्लिफायरच्या वायरी काढून ठेवल्या, ट्वीटरचे चार स्क्रू सोडवले, तो वायरींसकट पुढे ओढला आणि दोन्ही खोक्यांत सारखीच मोजणी केली. या क्रॉसओव्हरमध्ये आधी फ्यूज, मग कॅपॅसिटर, त्यानंतर ऋण टर्मिनलच्या वायरीकडे जाणारी कॉइल आणि शेवटी २.२ ओहमचा सिमेंट रेझिस्टर, अशा क्रमाने भाग आहेत. कॉइलचा रोध साधारण ०.४ ओहम आणि सुट्या ट्वीटरचा ५.८ ओहम आहे. ट्वीटर जोडलेला असताना मीटरला दोन वाटा दिसतात: एक ट्वीटरमधून, दुसरी रेझिस्टर आणि कॉइलमधून मिळून २.६ ओहमची. म्हणून चालू असलेल्या डाव्या स्पीकरमध्ये सुमारे १.८ ओहम आले. हा आकडा पाहून ट्वीटर शॉर्ट झाला असे समजू नये.

आता या आकड्यांवरूनच दोष वेगळे करता येतात. ट्वीटरची व्हॉइस कॉइल जळून तुटली असती, तर फक्त दुसरी वाट उरून २.६ आले असते. फ्यूज उडाला असता किंवा कॅपॅसिटर निकामी झाला असता, तर ते दोन्ही या वाटांच्या अलीकडे असल्यामुळे आकडा निरोगी स्पीकरसारखा १.८ राहिला असता, आणि तेव्हा फ्यूज काढून त्याची सलगता तपासायला हवी होती. माझ्या उजव्या स्पीकरमध्ये मीटर ५.८ वर स्थिर झाला. ट्वीटर शाबूत होता, पण रेझिस्टर आणि कॉइलची वाट कुठेतरी तुटली होती. मीटरच्या वायरींचाही ०.२ ते ०.३ ओहम रोध असतो. टोके एकमेकांना टेकवून तो आधी पाहावा आणि वजा करावा, नाहीतर इतक्या लहान आकड्यांत गफलत होते.

वूफर काढून क्रॉसओव्हर बाहेर घेतला. फ्यूज सलग होता. रेझिस्टरच्या दोन पायांवर मोजले तर २.२ ओहम बरोबर आले, परंतु एका पायाभोवतीच्या सोल्डरमध्ये केसासारखी बारीक गोल चीर होती आणि खालचा बोर्ड तपकिरी पडला होता. कंपनीने रेझिस्टर बोर्डाला अगदी चिकटवून बसवला आहे. दीर्घकाळ मोठा आवाज असला की तो तापतो आणि उष्णतेने सांधा सैल होत जातो. ही मला या स्पीकरची गंभीर त्रुटी वाटते. तापकीर गल्लीतून २.२ ओहम, १० वॅटचा नवा रेझिस्टर आणून तो बोर्डापासून थोडा वर उचलून सोल्डर केला. त्यानंतर ट्वीटरवर पुन्हा १.८ ओहम आले आणि चाट परतली.

फ्यूज उडालेला आढळला, तरी ट्वीटरही मोजूनच घ्यावा, कारण व्हॉइस कॉइलची बारीक तार कधी कधी फ्यूज वितळण्याआधीच जळते. जास्त अँपिअरचा फ्यूज तर मुळीच घालू नये. रोध बरोबर असूनही आवाज खरखरत असेल, तर व्हॉइस कॉइल घासत असण्याची शक्यता राहते आणि मीटरला ती दिसत नाही. अशा वेळी दोन्ही खोक्यांतील ट्वीटर आपापसांत बदलून ऐकणे हाच खात्रीचा उपाय.

दुरुस्तीनंतर जोडी पुन्हा रोज वाजते आहे आणि आवाजाविषयी माझी तक्रार नाही. मात्र फ्यूज पाहण्यासाठी वूफर काढावा लागतो, हे मला पटत नाही. तो मागच्या पट्टीवर असायला हवा होता.